जीन्सचा निळा रंग पांढऱ्या कव्हरला लागलाय? आधी घासणं थांबवा

नमस्कार मंडळी! डाग काढायचा मागचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न येतोय, "ताई, नवीन जीन्स घालून पांढऱ्या सोफ्यावर बसले आणि कव्हर निळं झालं, आता काय करू?" आज फक्त तेवढंच. कव्हर सोफ्यावरून काढा, आतलं लेबल वाचा, ते कॉटन आहे की अजून काही ते बघा, हे तुम्हाला सांगायची गरज नाही.

मला जे सांगायचंय ते हे, की घासू नका. ओल्या फडक्याने तर अजिबातच नाही.

का ते ऐका. जीन्सचा निळा रंग म्हणजे इंडिगो, आणि इंडिगो पाण्यात विरघळत नाही. तो जीन्सच्या धाग्याच्या आतपर्यंत जातच नाही, वरवर थर बसतो, म्हणून तर जीन्स वापरून वापरून फिकी होते. तोच थर घासला गेला की बारीक पावडरसारखा कव्हरवर येतो. म्हणजे तुमच्या कव्हरवर डाग "मुरलेला" नाहीये, रंगाचे कण धाग्यांच्या फटीत अडकलेत. ओलं फडकं घेऊन तुम्ही रगडता तेव्हा तेच कण आणखी खोल ढकलता आणि बाजूला पसरवता.

माझ्याच घरी झालंय हे. पांढऱ्या कॉटनच्या कव्हरवर मांड्यांच्या जागी दोन फिकट निळे पट्टे होते, मी घाईघाईत साबणाचं ओलं फडकं घेतलं आणि पाच मिनिटांत त्या दोन पट्ट्यांचा ताटाएवढा एक डाग झाला. इतकं वाईट वाटलं ना.

मग करायचं काय, तर डाग कोरडा असतानाच त्यावर चिकटपट्टी हलकेच दाबून उचला, वरवरची पावडर तिला येते. मग टेबलावर पांढरा जुना टॉवेल पसरा आणि कव्हर त्यावर उलटं ठेवा, डागाची बाजू खाली. आता मागच्या बाजूने लिक्विड डिटर्जंट टाका, पंधरा मिनिटं थांबा, आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने वरून नुसतं दाबा. दाबा, उचला, दाबा, उचला. रंग ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने खाली टॉवेलवर उतरला पाहिजे. (टॉवेल कॅमेऱ्यासमोर धरून) हे बघा, असा निळसर ठसा दिसला की काम होतंय. ठसा दिसला की टॉवेल सरकवून कोरी जागा घ्या, नाहीतर तोच रंग परत कव्हरला लागतो. टॉवेल पांढराच का? कारण रंगीत टॉवेलवर ठसा कळणारच नाही, आणि त्याचा स्वतःचा रंग सुटला तर तो वेगळाच ताप.

बऱ्याच जणांनी लिहिलंय मीठ आणि व्हिनेगर वापरा. त्याने इंडिगो निघतही नाही आणि जीन्सचा रंग पक्काही होत नाही. स्पिरिट बॉलपेनच्या शाईला चालतं, पण इंडिगो स्पिरिटमध्येही जवळपास विरघळत नाही, त्यामुळे ती बाटली राहू द्या.

ठसा यायचा थांबला की भिजवणं. ऑक्सिजन ब्लीच घ्या, पाकिटावर सोडियम परकार्बोनेट लिहिलेलं असतं. चार-पाच लिटर कोमट पाण्यात, साधारण ४० अंश, हाताला छान गरम लागेल इतक्या, दोन टेबलस्पून टाका, पूर्ण विरघळवा, मग कव्हर बुडवून सहा ते आठ तास ठेवा. दर वेळी ताजंच पाणी करा, उरलेलं बाटलीत झाकण लावून ठेवू नका, आत गॅस तयार होतो आणि बाटली फुटू शकते. एका रात्रीत गेलं नाही तर निराश होऊ नका, माझ्या कव्हरला तीन रात्री लागल्या.

फिकट रंगाच्या कॉटन शर्टालाही हेच, कमरेपाशी जिथे जीन्स घासते तिथे डाग असतो. फक्त आधी आतल्या शिवणीवर दहा मिनिटं टेस्ट करा, शर्टाचा स्वतःचा रंग उतरत नाही ना ते बघा. लेबलवर त्रिकोणावर फुली असेल तर कुठलंही ब्लीच नाही, आत दोन तिरक्या रेषा असतील तर फक्त ऑक्सिजनवालं. क्लोरीन ब्लीच इंडिगोचा रंग खरंच मोडतं, पण ते फक्त शुद्ध पांढऱ्या कॉटनला, तेही शेवटचा उपाय म्हणून, आणि त्यात व्हिनेगर किंवा स्पिरिट चुकूनही मिसळू नका, विषारी वाफा येतात.

धुऊन झालं की लगेच इस्त्री किंवा ड्रायर नको. ओल्या कापडावर हलका निळा कळत नाही, सावलीत वाळवा आणि दिवसाच्या उजेडात खिडकीपाशी धरून बघा. अजून निळी झाक दिसली तर परत टॉवेल पसरा, परत उलटं ठेवा, आणि दाबा. घासू नका.