चार बाटल्या, तीन परीक्षा

नमस्कार श्रोतेहो.

कोकणातल्या एका महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. जुलै महिना, पावसाची झड लागलेली. प्रयोगशाळेतलं एक जुनं कपाट उघडलं तर आतल्या चार बाटल्यांची लेबलं ओलीनं सुटून खाली पडलेली. चारही बाटल्यांत पाण्यासारखा रंगहीन द्रव. लेबलांवरची नावं वाचता येत होती: प्रोपाइल अल्कोहोल, आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ॲसिटोन आणि प्रोपिओनाल्डिहाइड. पण कुठलं लेबल कुठल्या बाटलीचं, ते कळायला मार्ग नव्हता. आयसोप्रोपाइल अल्कोहोल म्हणजे सॅनिटायझरमध्ये असतं ते, आणि ॲसिटोन म्हणजे नखांचं पॉलिश काढायला वापरतात ते.

चारही द्रवांच्या रेणूत कार्बन तीनच. चारही पाण्यात विरघळतात. वास घेऊन ओळखावं असं एका विद्यार्थिनीनं सुचवलं. मी तिला म्हटलं, "अगं, नाव माहीत नसलेल्या बाटलीला नाक लावायचं नाही." मग आम्ही बाटल्यांवर एक ते चार आकडे घातले आणि तीन परीक्षा करायचं ठरवलं: चांदीच्या आरशाची, आयोडोफॉर्मची आणि लुकासची.

आधी एक गोष्ट नीट सांगतो. यातली कुठलीही परीक्षा पदार्थाचं नाव सांगत नाही. प्रत्येक परीक्षा रेणूला एकच प्रश्न विचारते. त्याचं उत्तर हो किंवा नाही असं येतं, आणि नाव त्या उत्तरांवरून आपण काढायचं असतं. म्हणून कुठला प्रश्न आधी विचारायचा, यालाही महत्त्व आहे.

आम्ही आरशापासून सुरुवात केली, कारण चौघांत ॲल्डिहाइड एकच होतं आणि ते आधी बाजूला काढणं सोयीचं होतं. या परीक्षेचं अभिकर्मक, म्हणजे ज्याच्याशी पदार्थाची अभिक्रिया घडवायची ते द्रावण, बेर्नहार्ट टोलेन्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. परीक्षानळीत दोन मिलिलिटर पाच टक्क्यांचं सिल्व्हर नायट्रेट घ्यायचं आणि त्यात दहा टक्के कॉस्टिक सोड्याचा एक थेंब टाकायचा. लगेच तपकिरी गाळ येतो, तो सिल्व्हर ऑक्साइडचा. आता सौम्य अमोनिया थेंबाथेंबानं टाकत नळी हलवत राहायचं आणि गाळ जेमतेम विरघळला की तिथेच थांबायचं. मुलं इथेच घाई करतात. अमोनिया जास्त झाला तर चांदी त्याच्याशी घट्ट बांधली जाते, अभिकर्मक मंद होतं आणि ॲल्डिहाइड असूनही आरसा येत नाही.

तयार अभिकर्मकात अनोळखी द्रवाचे दोन-तीन थेंब टाकून नळी साठ अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात उभी करायची. ज्योतीवर धरायची नाही. ॲल्डिहाइडमधला ऑक्सिजन ज्या कार्बनला जोडलेला असतो, त्याच कार्बनवर एक हायड्रोजनही असतो. त्यामुळे त्याचं सहज ऑक्सिडीकरण होऊन आम्ल बनतं, आणि त्या बदल्यात द्रावणातल्या चांदीच्या आयनांची धातूरूप चांदी होते. ॲसिटोन हा किटोन आहे. त्याच्या त्या कार्बनवर हायड्रोजनच नसतो, म्हणून तो गप्प राहतो.

आमच्या तीन नंबरच्या नळीत दोन-तीन मिनिटांत तळाशी करडी छटा आली, आणि बघता बघता काच आतून कल्हई केल्यासारखी चकाकू लागली. मुलं नळीत आपापली तोंडं बघत होती. शेजारच्या गटाला मात्र त्याच बाटलीतून काळा, भुकटीसारखा साका मिळाला, आणि त्यांना वाटलं परीक्षा फसली. ती फसली नव्हती. चांदीच होती ती, पण नळीच्या आत तेलकटपणा राहिल्यामुळे काचेला धरली नव्हती. या परीक्षेची नळी आधी गरम कॉस्टिक सोड्याच्या द्रावणानं आणि मग स्वच्छ पाण्यानं धुवावी लागते.

इथे एक इशारा मी प्रत्येक तुकडीला देत आलो आहे. हे अभिकर्मक त्याच वेळी बनवायचं, वापरायचं आणि उरलेलं लगेच सौम्य नायट्रिक आम्ल घालून टाकून द्यायचं. उद्यासाठी बाटलीत भरून ठेवायचं नाही. ठेवल्यास त्यात चांदीचा स्फोटक काळा साका तयार होतो, आणि तो बाटली नुसती हलवल्यानंही फुटू शकतो.

तीन नंबर म्हणजे प्रोपिओनाल्डिहाइड. उरल्या तीन बाटल्या.

दुसरी परीक्षा आयोडोफॉर्मची. तिचा प्रश्न असा: ऑक्सिजन धरून बसलेल्या कार्बनच्या शेजारी मिथाइल गट आहे का, म्हणजे एक कार्बन आणि त्यावर तीन हायड्रोजन? ॲसिटोनमध्ये तो आहे. आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्येही आहे, पण तिथे आधी आयोडीन त्या अल्कोहोलचंच ऑक्सिडीकरण करून ॲसिटोन बनवतं आणि मग पुढची अभिक्रिया होते. साध्या प्रोपाइल अल्कोहोलमध्ये ऑक्सिजनवाला कार्बन टोकाला असतो आणि त्याच्या शेजारी दोनच हायड्रोजन असतात, म्हणून तिथे उत्तर नाही असं येतं. मिथाइल गटातले तिन्ही हायड्रोजन एकेक करून आयोडीन हटवतं, मग तो तुकडा रेणूपासून तुटतो आणि पिवळा आयोडोफॉर्म खाली बसतो. पूर्वी जखमेच्या पट्टीला दवाखान्यात जो विशिष्ट वास यायचा, तो बऱ्याचदा याचाच. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो आठवत असेल.

कृती अशी. अनोळखी द्रवाचे चार-पाच थेंब दोन मिलिलिटर पाण्यात घ्यायचे, त्यात दहा टक्के कॉस्टिक सोडा दोन मिलिलिटर. मग पोटॅशियम आयोडाइडमध्ये विरघळवलेलं आयोडीन थेंबाथेंबानं. आयोडीनचा तपकिरी रंग येतो आणि हलवताच जातो. हलकी पिवळसर छटा टिकून राहीपर्यंत टाकत जायचं. थंडपणी काही घडलं नाही तर नळी साठ अंशांच्या पाण्यात काही मिनिटं ठेवायची. शेवटी उरलेल्या आयोडीनचा रंग घालवण्यासाठी कॉस्टिक सोड्याचा एखादा थेंब. पिवळं पाणी म्हणजे आयोडोफॉर्म नव्हे. पिवळा गाळ दिसला पाहिजे. नळी फार वेळ तापवली तर उरलेला कॉस्टिक सोडा बनलेला आयोडोफॉर्मही हळूहळू तोडून टाकतो, हेही ध्यानात ठेवावं.

आता आमची चूक सांगतो. पहिल्या खेपेला तिन्ही नळ्यांत पिवळा गाळ आला. बरं, चौथ्या नळीत आम्ही तुलनेसाठी नुसतं पाणी घेतलं होतं, तर तिच्यातही आला! पाण्यात आयोडोफॉर्म कुठून येणार? मी विचारलं, "नळ्या कशा वाळवल्या रे?" एक मुलगा म्हणाला, "सर, पावसात वाळेनात, म्हणून ॲसिटोननं विसळल्या. तुम्हीच मागे सांगितलं होतं." त्याचं खरं होतं. घाईच्या वेळी मी तसं सांगितलं होतं. काचेला चिकटून राहिलेलं ॲसिटोन पिवळा गाळ द्यायला पुरेसं असतं. ती पाण्याची चौथी नळी नसती तर आम्ही चुकीची लेबलं लावून मोकळे झालो असतो. तेव्हापासून या परीक्षेच्या नळ्या नुसत्या पाण्यानं धुवून, ओल्याच वापरायच्या असा मी नियम केला. इथे नळी ओली असली तरी बिघडत नाही, कारण द्रव पाण्यातच घ्यायचा असतो.

दुसऱ्या खेपेला एक नंबरमध्ये आयोडीन टाकता टाकताच, थंडपणीच पिवळा गाळ आला. चार नंबरमध्ये नळी गरम केल्यावर आला. दोन नंबर स्वच्छ राहिला आणि पाण्याची नळीही. एकाला लगेच आणि दुसऱ्याला उशिरा, एवढ्यावरून एक नंबर ॲसिटोन असा अंदाज बांधता येतो. पण वेगावर विसंबणं मला पटत नाही, कारण आयोडीन किती पडलं आणि पाणी किती गरम होतं यावर वेग बदलतो. म्हणून तिसरी परीक्षा.

हॉवर्ड लुकास या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं ती १९३० साली मांडली. अभिकर्मक असं: १३६ ग्रॅम निर्जल झिंक क्लोराइड १०५ ग्रॅम संहत हायड्रोक्लोरिक आम्लात, भांडं थंड ठेवून विरघळवायचं. धूर येतो, म्हणून हे धुराच्या कपाटात, चष्मा लावूनच करायचं. इथे प्रश्न असा, की अल्कोहोलचा हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, किती सहज सुटतो? झिंक त्याला ओढतं, तो गेल्यावर कार्बनवर धनभार येतो, आणि त्या कार्बनला शेजारच्या कार्बनांचा जितका आधार, तितकं ते सोपं. तीन शेजारी असतील तर क्षणात, दोन असतील तर पाचेक मिनिटांत, एकच असेल तर नेहमीच्या तापमानाला काहीच घडत नाही. बनलेलं क्लोराइड या द्रावणात विरघळत नाही, म्हणून नळी गढूळ होते आणि थोड्या वेळानं वर तेलकट थर तरंगतो.

ही परीक्षा फक्त अभिकर्मकात विरघळणाऱ्या अल्कोहोलांना, म्हणजे साधारण सहा कार्बनांपर्यंत, लागू पडते. मोठं अल्कोहोल मुळातच विरघळत नाही, त्यामुळे तिथे गढूळपणाला काही अर्थ उरत नाही. आणि झिंक क्लोराइड हवेतली ओल अधाशासारखी शोषून घेतं. कोकणातल्या पावसाळ्यात बाटलीचं बूच सैल राहिलं तर अभिकर्मक पातळ होतं आणि जे गढूळ व्हायला हवं तेही होत नाही. म्हणून आम्ही आधी टर्शरी ब्युटाइल अल्कोहोलवर, म्हणजे तीन शेजारी असलेल्या अल्कोहोलवर, ते तपासलं. थेंब पडताच नळी गढूळली, म्हणजे अभिकर्मक शाबूत होतं.

मग तीन नळ्यांत प्रत्येकी तीन मिलिलिटर अभिकर्मक, त्यात अर्धा मिलिलिटर द्रव, वर बूच लावून हलवलं आणि घड्याळ लावलं. बूच मी आग्रहानं लावायला सांगतो. आयसोप्रोपाइल क्लोराइड छत्तीस अंशांना उकळतं, आणि विदर्भात मे महिन्यात प्रयोगशाळाच त्याहून गरम असते. तिथे उघड्या नळीतून क्लोराइड उडून जातं आणि वर थर दिसतच नाही.

सहाव्या मिनिटाला चार नंबरची नळी ताकासारखी झाली. ते आयसोप्रोपाइल अल्कोहोल. एक नंबर निवळ राहिला. आयोडोफॉर्म देतो, पण लुकासला दाद देत नाही, म्हणजे ॲसिटोन. दोन नंबरही निवळच, पण त्यानं आधीच्या दोन्ही परीक्षांनाही नकार दिला होता. तीन नकारांवर नाव ठरवताना विद्यार्थिनी थबकली. "सर, यात नुसतं पाणी असलं तर?" तिची शंका मला फार आवडली, कारण पाण्यानंही याच तीन परीक्षांना नकार दिला असता. आम्ही दोन नंबरचे काही थेंब चिनी मातीच्या बशीत घेतले, बाटली दूर नेऊन ठेवली आणि काडी लावली. निळसर ज्योतीनं ते पेटलं. मग तिनं पेन्सिलीनं, शाई पावसात पसरते म्हणून, लेबलावर प्रोपाइल अल्कोहोल लिहिलं आणि वर मेणाचा हात फिरवला.