टॉन्सिलच्या खाचेतला पांढरा खडा

(दृश्य : उघडं तोंड, दुर्बिणीचा कॅमेरा जिभेवरून हळूहळू मागे सरकतोय.)

पडजिभेच्या दोन्ही बाजूंना ज्या लालसर गाठी दिसतायत ते टॉन्सिल. आता डाव्या टॉन्सिलच्या वरच्या टोकाकडे बघा. तीन ठिपके आहेत, पांढरे म्हणावेत तर जरा पिवळट. घसा ज्यांचा आहे त्या ताईंचं वय 27, आणि हे ठिपके त्यांना पहिल्यांदा मोबाईलच्या टॉर्चमध्ये आरशात दिसले होते. तोंडाला वास येतोय हे आधीपासून माहीत होतंच, दिवसातून तीनदा ब्रश करूनही जात नव्हता, त्यात हे ठिपके दिसल्यावर घशात पू झालाय असंच त्यांना वाटलं आणि आधी जिथे दाखवलं तिथेही तसंच वाटलं. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झालेत. ठिपके जिथल्या तिथे.

(दृश्य : कॅमेरा आणखी जवळ, टॉन्सिलचा पृष्ठभाग.)

टॉन्सिल बाहेरून गुळगुळीत वाटतो पण तसा नसतो. जवळून बघितलं की ही छिद्रं दिसतात, ही खाचांची तोंडं आहेत, एकेका टॉन्सिलमध्ये साधारण दहा ते वीस खाचा असतात. हातमोज्याचं बोट आतल्या बाजूला ढकललं की जशी पोकळी तयार होते तशीच प्रत्येक खाच, फक्त काही खाचा आत जाऊन फुटतात, त्यांना फाटे असतात. हे मुद्दाम असं आहे बरं का. घशातून जे काही जातं त्याच्याशी टॉन्सिलच्या पेशींची गाठ पडावी, रोगजंतूंची ओळख पटावी, म्हणून एवढीशी जागा घड्या घालून मोठी केलेली आहे.

पण घड्या आल्या म्हणजे त्यात काहीतरी अडकणारच. खाचेच्या आतल्या अस्तराच्या मेलेल्या पेशी सतत गळत असतात, त्यात लाळ येते, चिकट स्राव येतो, अन्नाचा बारीक कण येतो. खाचेचं तोंड रुंद असेल तर गिळताना टॉन्सिल दाबला जातो आणि हे सगळं आपोआप बाहेर पडून पोटात जातं, आपल्याला कळतही नाही. तोंड अरुंद आणि आतली जागा मोठी असेल तर मात्र ते आतच राहतं. मग त्यावर जंतू वस्ती करतात. हे जंतू बाहेरून आलेले नाहीत, आपल्या तोंडात एरवीही राहणारेच आहेत, ते एकमेकांना धरून चिकट थर करतात, बाहेरच्या थरातले जंतू ऑक्सिजन वापरून टाकतात त्यामुळे आतल्या भागात ऑक्सिजन उरतच नाही, आणि ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जंतूंना नेमकं तेच हवं असतं. ते प्रथिनं कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मरकॅप्टन असे गंधकाचे वायू निघतात. वास तो हाच. लाळेतलं कॅल्शियम हळूहळू या गोळ्यात बसत जातं, म्हणून काही खडे बोटाने कुस्करतात आणि काही खरंच दगडासारखे टणक निघतात.

(दृश्य : डॉक्टर हेडलाइट लावून, हातात जीभ दाबायची पट्टी.)

आता हा भाग नीट बघा. डॉक्टर ठिपक्याला हातच लावत नाहीयेत. टॉन्सिलच्या पुढे जो मांसाचा पडदा असतो त्यावर पट्टीने बाजूने हलकेच दाब देतायत, आणि... हा बघा, आला बाहेर. अख्खा. पाठोपाठ दुसरा. तिसरा जरा आत आहे, त्याला बोथट टोकाच्या उपकरणाने कडेकडेने मोकळं करावं लागलं. मागे राहिलेली खाच बघा, रिकामी, आतून फिकट गुलाबी, रक्त नाही. पू असता तर असा अख्खा गोळा निघालाच नसता, तो पसरला असता.

(दृश्य : काचेवर तीन खडे, शेजारी मोजपट्टी.)

सगळ्यात मोठा 4 मिलिमीटर. चिमट्याने दाबला की पिवळा लगदा होतो आणि त्या क्षणी खोलीतले सगळे मागे सरकले, ते तुम्हाला दिसलंच.

वासाबद्दल एक गोष्ट डॉक्टरांनी खडे काढायच्या आधीच करून घेतली होती. एक कापसाचा बोळा टॉन्सिलवर दाबला, दुसरा जिभेच्या मागच्या भागावर फिरवला आणि दोन्हींचा वास घेतला. कारण तोंडाच्या वासाचं कारण बहुतेक वेळा जिभेवरचा थर किंवा हिरड्या हेच असतं, टॉन्सिलचा नंबर त्यानंतर येतो. नुसता खडा दिसला म्हणून वास त्याचाच असं धरून चालत नाही. या ताईंच्या बाबतीत जिभेच्या बोळ्याला फारसा वास नव्हता, टॉन्सिलच्या बोळ्याला होता.

(दृश्य : पडद्याचे दोन भाग. डावीकडे ताईंचा घसा, उजवीकडे एका तरुण मुलाचा.)

उजवीकडचा घसा 19 वर्षांच्या मुलाचा आहे. त्याच्याही टॉन्सिलवर पांढरे ठिपके, तेही त्याच खाचांच्या तोंडाशी, कारण इन्फेक्शनमध्ये पूसुद्धा त्याच खाचांतून बाहेर येतो. म्हणून तर आरशात बघून घोळ होतो. स्क्रीनवरच्या ठिपक्यावर बोट ठेवून बघा, मग ते बोट बाजूला सरकवा. ताईंच्या टॉन्सिलचा बाकीचा भाग कसा आहे? नेहमीसारखा गुलाबी, सुजलेला नाही. मुलाचा टॉन्सिल लालभडक आहे, फुगलाय, दोन्हीकडे सारखाच, आणि पांढरं जे आहे ते कडा नसलेलं, पसरट.

कॅमेऱ्यात न दिसणारं डॉक्टर विचारून घेतात. मुलाला ताप 102, घोट घेताना डोळ्यात पाणी येतंय, आणि सगळं दोन दिवसांत सुरू झालेलं. इथे डॉक्टर जबड्याच्या कोपऱ्याखाली बोटं फिरवतायत, तिथल्या गाठी दाबल्यावर मुलाने मान मागे घेतली ती त्यामुळे. खोकला नाही. ताप, टॉन्सिलवर पांढरं, मानेच्या पुढच्या बाजूच्या गाठी दुखऱ्या आणि खोकला नसणं, हे चार मुद्दे 1981 मध्ये सेंटर नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, मोठ्या माणसांत स्ट्रेप्टोकोकस जंतूची शंका किती घ्यायची हे ठरवायला. चारही जुळले तरी खात्री होत नाही, तपासणी करावी एवढंच ठरतं, कारण घशाची बरीचशी इन्फेक्शन व्हायरसची असतात आणि त्यांना अँटिबायोटिक काही करत नाही. याचा स्वॅब घेतला, टेस्ट पॉझिटिव्ह आली, त्याला अँटिबायोटिक मिळालं आणि ते बरोबरच होतं. स्ट्रेप अर्धवट सोडला तर काही जणांत पुढे हृदयाच्या झडपांपर्यंत त्रास जाऊ शकतो, म्हणून त्याने कोर्स पूर्ण करायचा.

ताईंकडे हेच चार मुद्दे लावा. ताप कधीच नव्हता. गाठी दुखत नाहीत. गिळताना दुखत नाही, फक्त काहीतरी टोचतंय, अडकलंय असं वाटतं, आणि कधी कधी डाव्या कानात ठणका (कानात काही नाही, टॉन्सिल आणि कान यांना एकाच नसेच्या फांद्या जातात म्हणून). आणि हे सगळं गेले कित्येक महिने, कमी जास्त होत. इन्फेक्शन असं महिनोन्महिने शांत बसत नाही.

मग आधीचा गैरसमज कशामुळे झाला? टॉन्सिलच्या खालच्या बाजूला ही लाल रेघ दिसतेय, ती केसांच्या पिनेची आहे. ताईंनी खडा स्वतः काढायचा प्रयत्न केला होता, तिथे खरचटलं, जरा सूज आली, आणि लाल घशात पांढरे ठिपके म्हणजे इन्फेक्शन असा हिशोब झाला. टॉन्सिलला रक्तपुरवठा भरपूर असतो, टोकदार वस्तूने टोचून रक्त आलं तर पटकन थांबत नाही. पहिल्या कोर्सनंतर वास थोडे दिवस कमी झाला होता असं त्या सांगतात, ते खरंही असेल, बाहेरच्या थरातले जंतू मेले असतील. पण गोळा तिथेच, आत औषध नीट पोचत नाही, नवे जंतू यायला तोंडात तोटा नाही. दुसऱ्या कोर्समध्ये पोट बिघडलं एवढंच झालं.

(दृश्य : ताई बेसिनपाशी, ग्लास हातात.)

घरी करायचं ते इतकंच. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर गुळण्या, मान मागे टाकून पाणी टॉन्सिलपर्यंत पोचेल अशा. दात साफ करायचं पाण्याच्या झोताचं मशीन असेल तर सगळ्यात कमी प्रेशरवर, झोत खाचेच्या बाजूने, थेट आत नाही. खडा दिसतोय पण त्रास नाही तर सोडून दिला तरी चालतो, बरेचसे खडे गिळताना नाहीतर शिंकताना स्वतःहून निघून जातात. आणि परत होणारच, खाच तीच आहे.

तातडीने दाखवायचं ते वेगळं, त्याचं फुटेज आमच्याकडे नाही म्हणून नुसतं सांगतो : तोंड पूर्ण उघडता येत नाही, लाळसुद्धा गिळवत नाही, आवाज बदललाय, पडजीभ एका बाजूला ढकललीये, श्वासाला त्रास होतोय, यातलं काहीही असेल तर टॉन्सिलशेजारी पू साठला असू शकतो, तेव्हा थांबायचं नाही. करडा पापुद्रा दिसतोय आणि पुसायला गेलं की रक्त येतंय, तेव्हाही नाही. आणि एकच टॉन्सिल मोठा होत चाललाय, किंवा जखम, मानेतली गाठ तीन आठवड्यांनंतरही तशीच आहे, तर खडा समजून बसू नका.

(दृश्य : डॉक्टर आणि ताई समोरासमोर बसलेल्या.)

शेवटी ताई विचारतात, मग टॉन्सिलच काढून टाकू का? डॉक्टर नको म्हणतात, निदान आत्ता तरी नको. मोठ्या माणसांत ते ऑपरेशन दुखतं, दहा-बारा दिवस नीट जेवता येत नाही, आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात रक्तस्राव होण्याचा धोका असतो, तो एवढ्याशा खड्यासाठी कशाला घ्यायचा. सारखे खडे होत राहिले, वासाने जगणं अवघड झालं, तर आधी खाचांची तोंडं लेझरने रुंद करायचा पर्याय आहे, टॉन्सिल काढणं त्याच्याही नंतर. सध्या गुळण्या, पिन बंद, आणि तीन महिन्यांनी एकदा दाखवायचं.