टेकलेला पाय घसरतो कुठे?

पडद्यावरचं पात्र चालतंय. त्याच्या उजव्या पायाकडे नीट बघा. टाच टेकलीय, अंगाचा भार त्याच पायावर आहे, तरी तो पुढे सरकतोय. शिवाय गुडघे आणि मनगटं सारखी थरथरताहेत. ही हालचाल खऱ्या माणसाची आहे, एकाच फोनच्या व्हिडिओवरून पात्राला दिलेली; व्हिडिओ टिपलाय सेकंदाला 30 फ्रेमच्या वेगानं.

थरथरीचं कारण सोपं आहे. व्हिडिओत सांधा नेमका कुठे आहे, याचा सॉफ्टवेअरचा अंदाज फ्रेमागणिक थोडा इकडेतिकडे होतो. घसरण मात्र वेगळी. एका कॅमेऱ्याला दृश्याची खोली दिसत नाही. माणूस किती लांब आहे हा अंदाज हलला की कंबर हलते, आणि कंबरेबरोबर अख्खा पाय.

आधी थरथर काढूया. कंबरेच्या फिरण्याचा हा आलेख करवतीच्या दात्यांसारखा दिसतोय. त्यात कुठे 180 अंशांवरून एकदम उणे 180 वर उडी असेल, तर ती पहिल्यांदा जुळवून घ्यायची; नाहीतर फिल्टर त्या उडीची गिरकी करून टाकतो. मग बटरवर्थ फिल्टर, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेहून वेगवान थरथर दाबून टाकणारा फिल्टर; मर्यादा 6 हर्ट्झ. साध्या चालण्याला एवढी पुरते. टाळी किंवा ठोसा असेल तर हातांसाठी ती वाढवावी लागते. मर्यादा फार खाली गेली की टाच जमिनीवर आदळत नाही, अलगद उतरते. ते डोळ्यांना लगेच कळतं.

आता पाय. टाच फ्रेम 42 ला टेकते, 54 ला उचलते, आणि चवडा 60 ला सुटतो. या फ्रेम पायाच्या वेगावरून ठरवायला जाऊ नका, कारण घसरणाऱ्या पायाचा वेग शून्यावर येतच नाही. मूळ व्हिडिओ शेजारी लावून बघितलेलं बरं.

42 ते 60 मध्ये पाय 6 सेंटिमीटर सरकलाय. बरेच जण इथे थेट आयके लावून पाऊल खिळवतात, म्हणजे पाऊल एका जागी धरून गुडघा आणि मांडी त्यानुसार वळवून घेतात. मग कंबर पुढे जात राहते, पाय ताणला जातो आणि गुडघा खाडकन सरळ होतो. चूक कंबरेची आहे, म्हणून दुरुस्तीही आधी कंबरेतच हवी. पाय जेवढा सरकला तेवढं अंतर त्या त्या फ्रेमला कंबरेतून वजा करायचं, आणि 60 नंतर ते पूर्ण 6 सेंटिमीटर तसंच पुढे न्यायचं. दोन्ही पाय टेकलेले असताना दोघांची घसरण सारखी नसते. तिथे सरासरी घ्यायची.

उरलेल्या थोड्याशा घसरणीसाठी आयके. 54 पर्यंत टाच खिळवायची, तिथून 60 पर्यंत चवडा, आणि सोडताना तीन-चार फ्रेममध्ये हळूहळू सोडायचं. यानंतर पायांवर पुन्हा फिल्टर फिरवायचा नाही. फिरवला तर खिळलेलं पाऊल परत हलू लागतं.

जिथे एक पाय दुसऱ्याआड लपलाय, तिथे मात्र फिल्टरला पकडण्यासारखं खरं काही नसतंच. त्या फ्रेममधली त्या पायाची हालचाल पुसून टाकायची आणि पाऊल हातानं बसवायचं.