डॅशबोर्डवर ५१, वेधशाळेत ४४: खरं तापमान कुठलं?

मे महिना आला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. गाडीचा डॅशबोर्ड, त्यावर ५१ अंश. खाली लगेच कुणीतरी विचारतं, "मग हवामान खातं ४४ कसं सांगतंय? लपवतात का?"

कुणी काही लपवत नाही. हे बघा.

[टेबलावर दोन थर्मामीटर]

हे दोन्ही एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेत. एकाच्या फुग्यावर मी काळी चिकटपट्टी गुंडाळली आहे, दुसरा तसाच ठेवलाय. आत्ता सावलीत दोन्ही ३९ दाखवतायत. आता उन्हात नेतो.

[अंगणात. दहा मिनिटांनंतर]

साधा ४५ वर गेलाय आणि काळा चक्क ५१ वर. हवा तर दोघांभोवती तीच आहे! मग "उन्हातलं तापमान" म्हणून यातला कुठला आकडा घ्यायचा?

अजून एक गंमत. साध्यासमोर टेबलफॅन लावतो... बघा, उतरायला लागला. ४२. पंख्याने अंगणातली हवा थोडीच गार झाली? तोच पंखा सावलीतल्या थर्मामीटरवर मारा, आकडा हलणार नाही.

म्हणजे झालं काय? थर्मामीटर कायम स्वतःचंच तापमान सांगतो. सावलीत, वारा खेळत असेल, तर त्याचं आणि हवेचं तापमान जवळपास एकच होतं. उन्हात मात्र तो स्वतः ऊन पितो आणि तापतो. किती तापेल हे त्याचा रंग, आकार आणि वारा यांवर ठरतं. डॅशबोर्डवरच्या आकड्याचंही तसंच. गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बंपरमागे असतो. खाली तापलेलं डांबर, शेजारी इंजिन. गाडी उन्हात उभी असेल तर तो हवेपेक्षा गाडीचंच तापमान जास्त सांगतो. हायवेला थोडा वेळ पळवा, आकडा आपोआप खाली येतो. आपल्या टेबलफॅनचंच काम तिथे वारा करतो.

यावर वेधशाळेत जो उपाय असतो तो दिसायला अगदी मधमाश्यांच्या पेटीसारखा आहे. पांढरी लाकडी पेटी, चार पायांवर उभी. नाव स्टीव्हन्सन स्क्रीन. हा थॉमस स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधला दीपगृहं बांधणारा इंजिनिअर, एकोणिसाव्या शतकातला. 'ट्रेझर आयलंड' लिहिणाऱ्या रॉबर्ट लुईसचे हे वडील.

पेटीच्या भिंती म्हणजे तिरप्या पट्ट्यांच्या झडपा, त्याही दुहेरी. वारा आरपार जातो, ऊन आत शिरत नाही. छतही दुहेरी, मध्ये हवेची फट. दार आपल्याकडे उत्तरेला, म्हणजे आकडा वाचायला उघडलं तरी ऊन फुग्यावर पडत नाही. आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहीलच, की मेच्या मध्यानंतर पुण्यात दुपारचा सूर्य उत्तरेकडे सरकतो. बरोबर आहे, पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असतो आणि छप्पर त्याला पुरतं.

आणि उंची? जागतिक हवामान संघटनेच्या नियमाने जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर. जमिनीलगतची हवा दुपारी फार तापलेली असते. वर जाताना पहिल्या हातभरातच तापमान झपाट्याने उतरतं, मग फरक हळूहळू कमी होतो. स्वच्छ, वारा नसलेल्या रात्री हेच उलटं. जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि सगळ्यात गार हवा गवताशी बसते. म्हणून महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याचे फोटो येतात, आणि त्याच पहाटेचं अधिकृत किमान तापमान शून्याच्या चांगलं वर असतं. दोन्ही खरं. एक गवताच्या पात्याचं, दुसरं छातीएवढ्या उंचीवरच्या हवेचं.

घरी करायचं असेल तर कुंडीखाली ठेवतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या सात-आठ घ्या. सगळ्यात वरची अखंड ठेवायची, बाकीच्यांना मध्ये भोक पाडायचं. उपड्या, एकावर एक, बोट-दीड बोट फट ठेवून लांब स्क्रूवर बसवा आणि मधल्या पोकळीत सेन्सर टांगा. भिंतीला कुठे टेकू द्यायचा नाही. गच्ची टाळा. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ती धग सोडत राहतो, त्यामुळे तुमचं किमान तापमान रोज जास्त येईल. मोकळी माती किंवा गवत असलेली जागा उत्तम.

तरीही वारा पडलेल्या कडक दुपारी ही ताटल्यांची पेटी जरा जास्तच दाखवेल. लाकडी स्क्रीनसुद्धा अशा वेळी थोडा चुकतो, कारण तापलेल्या झडपांमधून येणारी हवाही तापते. शंका आली तर कॉम्प्युटरचा छोटा पंखा खालून असा लावा, की तो पेटीतली हवा बाहेर ओढेल. पाच मिनिटांत आकडा अंशभर उतरला, तर तेवढा अंश पेटीचा होता.