देवदूतांचा वाटा: कोकणच्या दमट हवेत मुरणारी व्हिस्की

कोकण किनाऱ्यावर, दक्षिण गोव्यातील कुंकळ्ळी येथे, पॉल जॉन ही सिंगल माल्ट व्हिस्की ओक लाकडाच्या पिंपांत मुरत असते. अशा गोदामात शिरताच जो गोडसर वास नाकात भरतो, तो म्हणजे लाकडातून हवेत निघून गेलेली व्हिस्कीच होय. स्कॉटलंडमध्ये या घटीला ‘एंजल्स शेअर’, म्हणजेच देवदूतांचा वाटा, असे नाव पडले. तेथे ही घट वर्षाला सुमारे २ टक्के असते. गोव्यात ती ८ टक्क्यांच्या आसपास जाते.

हा फरक किती मोठा आहे, ते एका पिंपावरून पाहू. २०० लिटर भरले आणि दरवर्षी उरलेल्या साठ्यातून एवढाच हिस्सा गेला असे धरले, तर १२ वर्षांनी स्कॉटलंडमध्ये सुमारे १५७ लिटर शिल्लक राहतील. गोव्यात मात्र जेमतेम ७३. पाचव्या वर्षीच येथे ६८ लिटर उडून गेलेले असतात.

मात्र जी उष्णता घेते, तीच देतेही. नुकती गाळलेली दारू पाण्यासारखी रंगहीन असते; तिचा रंग, व्हॅनिलाचा गंध आणि तुरटपणा आतून जाळलेल्या लाकडातून येतो. उबेने दारू प्रसरण पावून लाकडाच्या छिद्रांत शिरते आणि गारव्याने मागे सरते. किनाऱ्यावर दिवस आणि रात्र यांच्या तापमानात फारसे अंतर नसते, त्यामुळे येथे या ये-जा करण्यापेक्षा वर्षभर टिकणारी ऊबच अधिक काम करते, कारण गरम द्रवात लाकडातील घटक लवकर उतरतात. गार पाण्यात चहाची भुकटी टाकून पाहिलेल्या कोणालाही हे वेगळे सांगायला नको.

पावसाळ्यात मात्र एक वेगळीच गोष्ट घडते. ज्या हवेत दोरीवरचे कपडे चार दिवस वाळत नाहीत, ती हवा बाष्पाने आधीच भरलेली असल्यामुळे पिंपातील पाणी सहज बाहेर पडत नाही; त्या हवेत अल्कोहोल मात्र जवळजवळ नसल्याने त्याची वाट मोकळीच राहते. म्हणूनच दमट गोदामात साठ्याबरोबर दारूची तीव्रताही उतरत जाते, तर कोरड्या हवेत पाणी अधिक उडून ती वाढू शकते.

तरीही गोव्यातील ५ वर्षे म्हणजे स्कॉटलंडची १२ वर्षे, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. लाकडाचा अर्क झपाट्याने उतरतो. पण पिंपात झिरपणाऱ्या हवेमुळे कच्च्या दारूचा उग्रपणा निवळण्याची संथ क्रिया त्याच प्रमाणात वेग घेतेच असे नाही. म्हणून चव घेणारा ठराविक काळाने प्रत्येक पिंपातून नमुना काढतो, आणि कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा जिभेला ओढू लागला की, वय कितीही कमी असले तरी, ते पिंप रिकामे केले जाते.