मार्चअखेरची उधारी

[दृश्य: कोल्हापूर, शिरोली औद्योगिक वसाहत. साच्यांत वितळलेलं लोखंड ओतलं जातंय.]

वर्षाचे लेखापरीक्षित निकाल ३१ मार्चनंतर ६० दिवसांच्या आत शेअर बाजाराकडे द्यावे लागतात. त्यासोबत भागधारकांसाठी स्लाइड्सचं सादरीकरण येतं. त्यातले आकडे निकालांतूनच घेतलेले असले, तरी कोणते दाखवायचे हे कंपनी ठरवते. म्हणून सादरीकरण वाचताना ताळेबंद शेजारी उघडा हवा.

ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतणारी एक छोटी कंपनी कल्पनेत घेऊ.

[स्लाइड: ठळक बाबी]

विक्री ८० कोटींवरून ९२ कोटी. निव्वळ नफा ५ कोटींवरून ६ कोटी २० लाख, म्हणजे २४ टक्के वाढ. एवढं वाचून बरेच जण थांबतात.

[स्लाइड: प्रमुख गुणोत्तरं]

इथे लिहिलंय, उधारी वसुलीचे दिवस ८३. हे गणित चुकीचं नाही. ताळेबंदात ग्राहकांकडची येणी गेल्या वर्षी १६ कोटी होती, यंदा २६ कोटी आहेत. दोन्हींची सरासरी २१ कोटी. तिला ९२ कोटींनी भागून ३६५ने गुणलं की ८३ येतात. पण सरासरीत मार्चअखेरचा फुगवटा मुरून जातो. नुसत्या अखेरच्या आकड्यांवर मोजलं तर गेल्या वर्षी ७३ दिवस होते, यंदा १०३ झाले. येण्यांत जीएसटी धरलेला असतो, विक्रीत नसतो, त्यामुळे दिवस थोडे जास्त दिसतात. दोन्ही वर्षं एकाच पद्धतीनं मोजली, तर तुलनेला बाध येत नाही.

आता रोकड पाहू. नफा ६ कोटी २० लाख, त्यात घसारा २ कोटी मिळवला. उधारीत आणखी १० कोटी अडकले, मालसाठ्यात १ कोटी २० लाख. पुरवठादारांचे २ कोटी द्यायचे राहिले, तेवढी रोकड हाताशी उरली. ढोबळ हिशोबानं धंद्यातून वर्षभरात १ कोटी रुपये उलट बाहेर गेले. ते बहुधा बँकेच्या कॅश क्रेडिटमधून आले असणार, आणि तसं असेल तर पुढच्या तिमाहीत व्याज वाढेल.

उधारी फुगली म्हणजे काही काळंबेरं आहेच, असं मात्र समजू नये. मार्चमध्ये मोठी खेप गेली असेल, तर पैसे मे-जूनमध्ये येतील. खरी भीती जुन्या उधारीची. सहा महिन्यांवरची येणी किती, हे वार्षिक अहवालातल्या वयवार तक्त्यात मिळतं. पण तो अहवाल निकालांनंतर काही आठवड्यांनी येतो. म्हणून हा तक्ता सादरीकरणातच द्यावा, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

[स्लाइड: पुढील वाटचाल]

‘मागणी उत्साहवर्धक’ या शब्दांवरून भागधारकाला काहीच मोजता येत नाही. हातातल्या ऑर्डर किती कोटींच्या, त्यातल्या सप्टेंबरपर्यंत किती पुऱ्या होणार, कच्चं लोखंड महागलं तर दरवाढ ग्राहकाकडून किती महिन्यांनी मिळते, हे इथे हवं. आणि एक ओळ आणखी: ३१ मार्चच्या २६ कोटींपैकी निकालाच्या दिवसापर्यंत किती वसूल झाले.