निब आधी वाचा, डबा मागाहून पाहा

मंडळी, सगळ्या पेनांचं सांगत बसलो तर रात्र होईल, म्हणून आज एकच केस घेतो. आपल्या दारव्ह्याकडचे एक रिटायर्ड गुरुजी आहेत, त्यांना व्हाट्सॅपवर पाच फोटो आले, माँ ब्लाँ या महागड्या जर्मन कंपनीचा 149 नंबरचा शाईचा पेन, नऊ हजारात. गुरुजींनी मला फोन केला, म्हणे खरा हाय का नकली, पाहून दे न भाऊ.

मी आधी निब पाह्यली. त्यावर 4810 होतं, ते त्या माँ ब्लाँ डोंगराच्या उंचीचे मीटर, पण हा आकडा नकलीवालेही बरोबर कोरतात, त्याच्यावर भरोसा ठेवू नका. खरी गंमत कॅरेटची आहे. निबवर 18 के लिहिलेलं अन् त्याच्याच खाली 585. आता शुद्ध सोनं 24 कॅरेट धरतात, त्यातले 18 म्हणजे हजारात 750 झाले न! 585 हा 14 कॅरेटचा आकडा. दोन्ही एका निबवर बसतच नाहीत. अन् कुठं 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं लिहिलेलं दिसलं तर ती बाजारात सुटी मिळणारी साधी निब, माँ ब्लाँची नाहीच.

मग टोपणाचा पट्टा. तीन पट्ट्यांपैकी मधल्या रुंद पट्टीवर माइस्टरश्ट्युक हा जर्मन शब्द असतो, त्यातल्या यू वर दोन टिंबं पाहिजेत. आपल्या फोटोत टिंबंच नव्हती, पण व्हाट्सॅप फोटो दाबून पाठवते, बारीक टिंबं त्यात पुसूनही जातात, म्हणून मी गुरुजींना म्हटलं, विकणाऱ्याला सांगा डॉक्युमेंट म्हणून पाठव, अन् उजेड बाजूनं पडू दे, म्हणजे कोरलेलं हाय का नुसतं छापलेलं हाय ते सावलीवरून कळते. आला फोटो, टिंबं तरी नव्हतीच.

क्लिपच्या कड्यावर नंबर अन् जर्मनी असते, नव्या पेनात क्लिपच्या खालच्या बाजूला पिक्स असं बारीक लिहिलेलं. जुन्या पेनात पिक्स नसते, म्हणून ते नाही म्हणून नकली म्हणायची घाई करू नका.

डब्याचं मात्र मी शेवटीच पाहतो, काहून का रिकामे खरे डबे वेगळे विकत मिळतात, डबा खरा म्हणून पेन खरा होत नाही. पण डब्यातलं सामान पेनाशी जुळते का ते पाहाच. ह्या डब्यात शाईच्या कार्ट्रिज ठेवल्या होत्या. 149 हा पिस्टनचा पेन हाय हो, मागचं बूड फिरवून दौतीतून शाई ओढतो, कार्ट्रिज त्यात जातच नाही!

एक सांगून ठेवतो, फोटोवरून नकली पक्का ओळखता येते, खरा पक्का म्हणता येत नाही, त्यासाठी पेन हातातच घ्यावा लागते.

गुरुजींनी विकणाऱ्याला बूड फिरवतानाचा व्हिडिओ मागितला. त्यानं डब्याचाच फोटो परत पाठवला.